दुसरा अर्धा तुकडा

१२ जूनला सकाळी गेटवरून फोन आला, "मॅडम, तुमच्या नावानं पार्सल आलंय, लई जड हाय." गोणपाट सोडलं तर आत आमचाच शाफ्ट, मोडलेला. खरं तर अर्धाच. ३० मिलिमीटर व्यासाची बारीक बाजू आली होती. ३८ मिलिमीटरची जाड बाजू ग्राहकाच्या पंपातच अडकून राहिली होती. सोबत एक ओळीची ईमेल : शाफ्ट चार महिन्यांत तुटला, कारण कळवा, ८डी रिपोर्ट पाठवा. ८डी म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय टप्प्याटप्प्यानं मांडणारा अहवाल.

मी संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका लहान मशिनिंग कंपनीत क्वालिटी बघते. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. धातुशास्त्र एका सेमिस्टरपुरतं वाचलेलं, तेही परीक्षेच्या आदल्या रात्री. तुटलेल्या पृष्ठभागाचे एसईएम फोटो आणि ईडीएसचा आलेख स्वतः वाचायची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं. एसईएम म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोतानं हजारो पटीत मोठं करून दाखवणारा सूक्ष्मदर्शक, आणि ईडीएस म्हणजे त्याच झोतानं नमुन्यातून उठणाऱ्या एक्स-रेंवरून तिथली मूलद्रव्यं ओळखणारी त्याची जोडणी. पुढचे दीड-दोन महिने त्यातच गेले, आणि मधले तीन आठवडे मी सपशेल चुकीच्या वाटेवर होते. म्हणून चुकांसकट लिहून ठेवते.

शाफ्टचं मटेरियल ईएन-१९ जातीचं पोलाद, हार्डन आणि टेम्पर केलेलं. तुटलेलं तोंड नुसत्या डोळ्यांनीही बरंच सांगत होतं. जवळपास तीन चतुर्थांश भाग गुळगुळीत, आणि त्यावर तळ्याच्या काठाला उतरत्या पाण्याच्या खुणा राहाव्यात तशा कमानी. उरलेला एका कडेचा भाग खरबरीत. म्हणजे शाफ्ट एका झटक्यात तुटला नव्हता. बारीक भेग पडून ती फिरत्या भाराखाली रोज थोडी थोडी सरकत गेली आणि शेवटी उरलेलं अंग भार न सोसून फाटलं. याला फटीग म्हणतात हे मला माहीत होतं. शेवटचा खरबरीत भाग लहान असला तर शाफ्टवरचा एकूण भार फार नव्हता असं समजायचं, हे नंतर कळलं. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की भेग सुरू कुठून झाली आणि तिथे असं काय होतं?

आमच्या शहरातल्या एका शैक्षणिक संस्थेत एसईएम आहे. चौकशी केली तर त्यांनी फॉर्म पाठवला. त्यात नमुना चुंबकीय आहे का, वीज वाहतो का, तेलकट आहे का, ईडीएस हवं का, असे रकाने. तेलकट नमुना निर्वात कक्षात चालत नाही. पोलाद वीज वाहतं, त्यामुळे त्यावर सोन्याचा मुलामा लागत नाही. नमुन्याची उंची २० मिलिमीटरच्या आत हवी होती. कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, जीएसटी नंबर, पैसे आगाऊ आणि पावतीचा यूटीआर नंबर. आमच्या अकाउंट्समध्ये ती फाइल चार दिवस पडून होती, कारण 'टेस्टिंग' या खात्यात बजेट नव्हतं. शेवटी 'टूलिंग'मध्ये टाकलं. तासाचे ३,००० आणि १८ टक्के जीएसटी, एकूण ३,५४० रुपये. तारीख मिळाली २६ जूनची.

आता पहिली चूक. उंची २० मिलिमीटर करायची म्हणून मी तुकडा कटिंगवाल्या मामांकडे दिला. मामांनी नेहमीसारखा ॲब्रेसिव्ह कटरला लावला, पांढऱ्या कूलंटच्या धारेखाली, आणि दहा मिनिटांत सुंदर चकती कापून हातात दिली. "बघा, आरशावानी झालंय." कापलेली बाजू खरंच आरशासारखी होती. पण मला बघायची होती ती दुसरी बाजू, आणि तिच्यावरून कूलंट मनसोक्त वाहून गेलं होतं. मी चकती नळाखाली धरली, हवेनं सुकवली आणि झिपच्या पिशवीत टाकली.

२६ जूनला मशीनवर एक तरुण मुलगा होता. कामाचा चांगला, पण त्याची रोजची कामं पावडर आणि फिल्मची. माझ्यासारखीच त्यालाही घाई. तुटलेल्या कडेजवळचा एक भाग धरला आणि तो थेट २,००० पटीवर गेला. पडद्यावर करड्या डोंगरदऱ्या, आणि त्यात एक टोकदार, चकाकणारा, २५ मायक्रॉनचा कण. आजूबाजूला आणखी चार-पाच. "मॅडम, हे बघा इन्क्लूजन." म्हणजे पोलादाच्या आतच अडकून राहिलेला परका कण. ईडीएसचा बिंदू त्याच्यावर ठेवला, मिनिटभर थांबलो. आलेखात ॲल्युमिनियमची उंच सुळकी, शेजारी ऑक्सिजन, लांब उजवीकडे लोखंडाची बुटकी आणि मध्येच टायटॅनियमचा एक छोटा टेंगूळ. तो म्हणाला, ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड. मीही म्हटलं, ॲल्युमिना. रिपोर्टवर ओळ आली की भेगेच्या उगमाजवळ ॲल्युमिनाची इन्क्लूजन्स दिसली.

त्या दिवशी बाबा पेट्रोल पंपाजवळच्या ट्रॅफिकमध्येही मी खुशीत होते. पोलाद बनवताना त्यातला ऑक्सिजन काढायला ॲल्युमिनियम घालतात आणि त्याचे ॲल्युमिनाचे कण मागे राहू शकतात, एवढं मी वाचलेलं होतं. म्हणजे दोष स्टीलचा, आमचा नाही! २८ तारखेला मी स्टील पुरवणाऱ्या मिलला कडक भाषेत पत्र लिहून फोटो आणि आलेख जोडून पाठवलंसुद्धा.

त्याच रिपोर्टमध्ये एक तक्ता होता आणि तो वाचताना मला शंका यायला हवी होती. कार्बन १४.३७ टक्के! ईएन-१९ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास असतो. बिडातसुद्धा तीन-चार टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. तो कार्बन बोटांचा, कूलंटचा आणि हवेतल्या तेलकट वाफेचा होता. ईडीएसला हलकी मूलद्रव्यं नीट मोजता येत नाहीत. त्यात तुटलेलं तोंड खडबडीत, त्यामुळे दरीतून निघालेले एक्स-रे समोरच्या कड्यावर अडतात. तरीही सॉफ्टवेअर सगळ्यांची बेरीज इमानेइतबारे १०० करून दोन दशांशांपर्यंत आकडे छापतं. तुटलेल्या पृष्ठभागावर 'काय आहे' एवढंच ईडीएसला विचारायचं, 'किती आहे' हे विचारायचं नाही. हे मला नंतर पुण्यात समजलं.

३ जुलैला मिलच्या टेक्निकल विभागातून एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. मी भांडणाच्या तयारीत होते, पण ते अगदी शांत. "ताई, फोटो छान आहेत. मला दोनच गोष्टी सांगा. दुसरा अर्धा तुकडा कुठे आहे? आणि आमच्या स्टीलमध्ये टायटॅनियम घालत नाही, मग हे टायटॅनियम आलं कुठून?"

पहिल्या प्रश्नाचा अर्थ मला लगेच कळला नाही, तो त्यांनीच समजावला. इन्क्लूजन पोलादाच्या आत जन्मलेलं असतं. भेग त्याच्या कडेनं गेली तर ते एका तुकड्यात अडकून राहतं आणि दुसऱ्या तुकड्यावर बरोबर त्याच जागी त्याच्या मापाचा खड्डा दिसतो. भेग त्याला चिरून गेली तर दोन्हीकडे त्याचे अर्धे अर्धे भाग दिसतात. पण कण बाहेरून येऊन बसलेला असेल तर समोरच्या तुकड्यावर ना खड्डा, ना त्याचा भाग. "आणि कण पृष्ठभागाच्या आत रुतलाय की वर बसलाय ते बघा. तुमच्या फोटोत त्याच्याखाली सावली पडलीय."

फोटो मोठा करून पाहिला. पडली होती की. डोंगराच्या रेषा कणाखालून सरळ पुढे जात होत्या. कागदावर खडा ठेवला तर कागदावरच्या ओळी खड्याखालून जातात, अगदी तशा. खऱ्या इन्क्लूजनभोवती पोलाद त्याच्या आकाराला धरून असतं, रेषा त्याच्याशी येऊन वळतात किंवा तिथूनच पसरतात.

टायटॅनियमचं उत्तर आमच्याच शॉपमध्ये होतं. मामांच्या कटरची चकती तपकिरी ॲल्युमिनाची. हा तपकिरी ॲल्युमिना बॉक्साइट वितळवून करतात आणि त्यात दोन-तीन टक्के टायटॅनियम ऑक्साइड राहतो. मी कटरच्या जुन्या चकतीचा थोडा चुरा काडेपेटीत भरून ठेवला.

दुसरा अर्धा तुकडा मागवायला मात्र नऊ दिवस गेले. ग्राहकाच्या मेंटेनन्सनं तो काढून भंगारात टाकला होता. दोनदा फोन, एकदा ईमेल, एकदा तिथल्या स्टोअरवाल्या दादांना विनवणी, तेव्हा कुठे तो १२ जुलैला आला. तोंडावर गंज थोडा होता, पण चेहरा शाबूत होता. तुम्ही या वाटेला जाणार असाल तर तक्रार आल्या दिवशीच दोन्ही तुकडे मागा. आणि ते आले की जुळतात का पाहायला एकमेकांवर ठेवू नका. सगळे तसंच करतात, मीही केलं असतं. पण त्या एका स्पर्शानं बारीक कंगोरे चेपतात आणि एसईएमखाली ती चेपलेली जागा भलतंच काही सांगू लागते.

या वेळी मी मामांना आधी समजावलं. तोंडाला स्वच्छ प्लास्टिक, वर दोन पदरी टेप, आणि कापायचं हॅक्सॉनं, कोरडं, हळू, तोंडापासून लांब. मामांना अर्धा दिवस लागला. "मशीन असताना हातानं? एवढं नाजूक काय हाय त्यात?" मी त्यांना पहिला फोटो दाखवून सांगितलं की हा तुमच्या कटरच्या चकतीचा खडा आहे आणि मी त्याच्यासाठी मिलला पत्र लिहिलंय. ते खो खो हसले, पण पुढं एका शब्दानं कुरकुरले नाहीत.

पुण्यातल्या एका खासगी लॅबची १८ जुलैची तारीख मिळाली. दोन तासांचे ९,००० आणि जीएसटी, म्हणजे १०,६२०. पहाटे साडेपाचची एसटी, पाठपिशवीत तीन नमुने : कापलेली बारीक चकती, जाड बाजूचा नवा तुकडा आणि काडेपेटी. नगरच्या अलीकडे पाऊस लागला आणि मी पिशवी मांडीवर घेऊन बसले.

तिथल्या मॅडमनी मशीन सुरूच केलं नाही. आधी साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही तोंडं दहा-वीस पटीत पाहिली. की-वे, म्हणजे शाफ्टवरची चावी बसायची खाच, कुठे आहे तिथून घड्याळासारखे आकडे धरून कागदावर दोन्ही तोंडांचे नकाशे काढले. एक तोंड दुसऱ्याची आरशातली प्रतिमा असतं, त्यामुळे इकडचे दोन वाजले की तिकडे दहा. कमानींच्या मध्यातून मागे मागे जात त्या कडेला पोचल्या. तिथे शाफ्टच्या अगदी बाहेरच्या कडेवर दोन बारीक पायऱ्या होत्या, जेमतेम एक मिलिमीटर लांब. शेजारी शेजारी वेगवेगळ्या पातळीवर सुरू झालेल्या भेगा एकमेकींना भेटतात तिथे अशी पायरी राहते. पायऱ्या दोन, म्हणजे उगम तीन. त्या म्हणाल्या, "आतल्या एका इन्क्लूजननं तोडलं असतं तर उगम बहुतेक एकच असता, आणि तोही बऱ्याचदा कातडीच्या आत. तीन उगम, तिन्ही कडेवर आणि एकाच ओळीत. मला मटेरियलपेक्षा कडेवरच संशय आहे."

माझ्या २६ जूनच्या फोटोंची जागा त्यांनी नकाशावर शोधली. उगमापासून चार मिलिमीटर दूर. दोन हजार पटीत चार मिलिमीटर म्हणजे वाळूजहून बघून क्रांती चौकातलं सांगण्यासारखं.

मग चकती न धुता आधी मशीनमध्ये. आधी धुवायचं नाही, कारण धुताना खरं इन्क्लूजनही निसटून जाऊ शकतं आणि मग वाद मिटत नाही. खडे तिथेच होते. नंतर बाहेर काढून ॲसिटोननं मऊ झालेली सेल्युलोज ॲसिटेटची पट्टी तोंडावर चिकटवली, वाळल्यावर सोलली. फेस वॅक्स केल्यासारखंच. मग ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं अल्ट्रासॉनिक. पुन्हा मशीनमध्ये, त्याच जागी. खडे नाहीत. त्यांच्या जागी खड्डेही नाहीत, डोंगराच्या रेषा अखंड. सोललेली पट्टी पाहिली तर खडे तिच्यावर. आणि काडेपेटीतल्या चुऱ्याचा आलेख पट्टीवरच्या खड्याच्या आलेखाशेजारी ठेवला, तर तीच ॲल्युमिनियमची सुळकी, तोच ऑक्सिजन, तोच टायटॅनियमचा टेंगूळ. माझ्या पत्राचा पुरावा मीच नळाखाली धुवून पिशवीत भरून नेला होता.

उगमाकडे गेलो तेव्हा मॅडमनी डिटेक्टर बदलला. नेहमीचा फोटो उंच-सखल दाखवतो. बॅकस्कॅटरचा फोटो जड मूलद्रव्य उजळ आणि हलकं काळं दाखवतो, त्यामुळे पोलादात ऑक्साइड असेल तर काळ्या डागासारखं ठळक दिसतं. तिन्ही उगम, दोन्ही तुकड्यांवर, ५० पटीपासून १,००० पटीपर्यंत पाहिले. काळा डाग कुठेच नाही. दिसल्या त्या कडेच्या बाहेरून परिघाला समांतर जाणाऱ्या खोल सऱ्या, नांगरटीसारख्या, आणि तिन्ही भेगा अशाच एका सरीच्या तळातून निघालेल्या. म्हणजे टूलच्या खुणा.

इन्क्लूजन मुळीच नव्हती असं नाही. शेवटच्या खरबरीत भागात ओढून फाटलेल्या धातूच्या असंख्य वाट्या होत्या, त्यांना डिंपल म्हणतात, आणि काही वाट्यांच्या तळाशी तीन-चार मायक्रॉनचे गोल-लांबट कण बसलेले. माझा जीव पुन्हा वर आला. ईडीएसमध्ये गंधक, मँगनीज, लोखंड, आणि सॉफ्टवेअरनं आपणहून चिकटवलेलं लेबल : Mo. "मॉलिब्डेनम सल्फाइड? ग्रीस?" मी विचारलं. मॅडमनी बिंदू बाजूच्या स्वच्छ पोलादावर ठेवला. तिथेही त्याच जागी छोटासा उंचवटा, आणि या वेळी लेबल S.

इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. गंधकाची मुख्य रेषा २.३०७ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला येते आणि मॉलिब्डेनमची एक रेषा २.२९३ ला. फरक ०.०१४ चा. ईडीएसची सुळकीच त्याच्या कितीतरी पट रुंद, म्हणून दोघं एकाच उंचवट्यात दडतात आणि सॉफ्टवेअर अंदाजानं नाव देतं. ईएन-१९ मध्ये मॉलिब्डेनम ०.२ टक्क्यांच्या आसपास असतोच, त्यामुळे स्वच्छ पोलादावरचा बारीक उंचवटा त्याचा. कणावर तोच उंचवटा कितीतरी उंच होतो आणि सोबत मँगनीजही वाढतो, म्हणून तो कण मँगनीज सल्फाइड. मॉलिब्डेनमची दुसरी रेषा १७.५ च्या आसपास आहे, पण ती उठायला २० केव्हीचा झोत पुरत नाही, जास्त लागतो. मॅडमनी झोत ३० केव्ही केला. कणावर त्या जागी काहीच उठलं नाही. गंधक नक्की झालं. कणाच्या आलेखात लोखंड कुठून आलं हेही तेव्हाच कळलं. २० केव्हीला इलेक्ट्रॉन पोलादात दीडेक मायक्रॉन खोल आणि तेवढेच आजूबाजूला शिरतात, म्हणून लहान कणावर नेम धरला तरी त्याच्या खालचं आणि शेजारचं पोलाद आलेखात बोलतंच.

हे सल्फाइडचे कण सगळ्या शाफ्टभर होते, ईएन-१९ मध्ये ते असायचेच. पण उगमापाशी एकही नव्हता. वाट्यांच्या तळाशी ते दिसतात कारण शेवटच्या फाटण्यात वाटी त्यांच्याभोवतीच उघडते. फटीगची भेग त्यांनी सुरू केली असं त्यावरून म्हणता येत नाही.

निघताना मॅडम म्हणाल्या, "जाड तुकड्यावर खांद्याचा फिलेट शिल्लक आहे. तो कापून, पॉलिश करून त्रिज्या मोजा." फिलेट म्हणजे जाड भाग बारीक होतो त्या कोपऱ्यात ठेवलेली गोलाई. या मोजणीचे वेगळे २,१२४ रुपये. २६ जुलैला आकडा आला : ०.४ मिलिमीटर. ड्रॉइंगवर १.५ आहे. हा फिलेट ३८ वरून ३० वर उतरतो तिथे, म्हणून जाड बाजूच्या तुकड्यावरच राहिला होता. माझ्याकडच्या अर्ध्या तुकड्यावर तो दिसणं शक्यच नव्हतं. पण त्याच बॅचचे १४ शाफ्ट आमच्या स्टोअरमध्ये पडलेले होते, हे लिहिताना मला अजूनही लाज वाटते. वस्तूची सावली मोठी करून माप दाखवणारा प्रोफाइल प्रोजेक्टर माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. पहिल्या दिवशी एक शाफ्ट लावला असता तर फुकटात कळलं असतं. २७ तारखेला लावला. १४ पैकी १४ ला त्रिज्या ०.४. सीएनसीवर जुन्या रिव्हिजनचा प्रोग्रॅम चालला होता आणि आमच्या तपासणीच्या यादीत फिलेट नव्हताच.

तक्त्यातून काढलं तर या मापाच्या खांद्यावर वाकण्याचा ताण १.५ च्या त्रिज्येला सुमारे १.९ पट होतो, ०.४ ला अडीच पटीच्या आसपास किंवा जास्त. शिवाय त्या कोपऱ्यात सऱ्या. तीन उगम एकाच ओळीत का, याचं उत्तर तिथे होतं.

८डी रिपोर्ट ३० जुलैला गेला. कारणाच्या रकान्यात आमचं नाव. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि "स्टीलचं काहीच नाही का त्यात?" एवढंच विचारलं. नाही म्हटलं. १४ शाफ्टचा फिलेट आता मोठा करता येत नव्हता, खांद्यावर तेवढं मटेरियलच उरलेलं नव्हतं, ते भंगारात गेले. ग्राहकाकडे बसवलेले सहा शाफ्ट आमच्या खर्चानं बदलून दिले. लॅबचा खर्च १६,२८४ आणि प्रवास धरून साडेसतरा हजारांच्या आत, या वेळी अकाउंट्सनं 'टेस्टिंग' नावाचं खातं उघडलं.

मिलच्या त्या गृहस्थांना मी १ ऑगस्टला फोन करून पत्र मागे घेते म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "लेखी पाठवा, फाइल बंद करायला लागेल." पाठवलं. मग त्यांनी विचारलं, "आणि टायटॅनियम?" मी सांगितलं, मामांच्या कटरची चकती. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही, मग ते म्हणाले, "आमच्याकडे सुद्धा हे झालंय, ताई. फक्त आम्ही पत्र पाठवलं नव्हतं."